पंचेचाळीस दिवसांवरून तीस दिवसांवर: पुरवठादारांना कळवण्याआधी आणि कळवताना



म्युनिकमध्ये आपल्यातले बरेच जण आता नोकरीबरोबर किंवा नोकरी सोडून छोटा धंदा करू लागले आहेत. कुणाचं किराणा दुकान आहे, कुणाचं केटरिंग, कुणी चहा-मसाले आयात करून इतर दुकानांना देतं. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे, आणि घरात असा धंदा करणारं कुणी असेल तर त्या घरातल्या सगळ्यांसाठी. विषय एका पत्राचा आहे. समजा, आजवर तुम्ही पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांनी देत होता आणि आता ३० दिवसांत द्यायचं ठरवलंय. हे त्यांना कळवायचं कसं, कधी आणि किती आधी?

तुम्ही म्हणाल, यात कळवायचं काय? पैसे लवकर मिळणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? तसं कुणी म्हणणार नाही, हे खरंच. या पत्रात धोका आहे तो पाठवणाऱ्याला. तो कसा, ते सांगतो.

आधी या दोन आकड्यांबद्दल थोडं. ४५ हा आकडा आपल्याला घरूनच ओळखीचा आहे. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस ठेवली. तीही लेखी करार असेल तर. करार नसेल तर १५ दिवस. पुढे आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, आणि अशा उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळेनासा झाला. गावाकडे कुणाचा कारखाना किंवा दुकान असेल तर त्या वर्षी फोनवर याची चर्चा तुम्ही ऐकली असेलच. हा कायदा भारतातल्या खरेदीदारांसाठी बांधलेला आहे, पण त्यामुळे ४५ दिवस म्हणजे रीतसर मुदत, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

जर्मनीत तो आकडा ३० आहे. दोन व्यावसायिकांनी समोरासमोर बोलून ४५ किंवा अगदी ६० दिवस ठरवले तरी चालतं. पण खरेदीदाराने आपल्या छापील अटींमध्ये, म्हणजे सगळ्यांना सरसकट लावायच्या आगेबेमध्ये, ३० दिवसांहून जास्त मुदत लिहून ठेवली असेल, तर जर्मन नागरी कायद्याच्या कलम ३०८ प्रमाणे ती अट शंकेच्या वेळी अवाजवी धरली जाते. ही तरतूद २०१४ पासून आहे. म्हणजे तुमच्या ऑर्डरच्या कागदामागे छापलेले ४५ दिवस वादाच्या वेळी टिकतीलच असं नाही. श्टॉयरबेराटर किंवा वकील तुम्हाला ३० वर यायला सांगतो, त्यामागे बहुधा हे कारण असतं.

आता मुख्य मुद्दा. पैसे लवकर देणं आणि ‘लवकर देऊ’ असं लिहून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदतीआधी पैसे द्यायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही. उद्यापासून तुम्ही २८ व्या दिवशी पैसे पाठवू लागलात तर पुरवठादार खूश होईल, आणि एखाद्या महिन्यात ओढाताण होऊन ४२ व्या दिवशी दिलेत तरी तो काही म्हणू शकणार नाही, कारण ठरलेली मुदत ४५ च आहे. पण ‘यापुढे बिल मिळाल्यापासून ३० दिवस’ असं तुम्ही लिहून दिलंत आणि त्याने ते मान्य केलं, की ३१ व्या दिवशी तुम्ही थकबाकीदार. तारीख कॅलेंडरवर मोजता येते, त्यामुळे त्याला आठवणीचं पत्रसुद्धा पाठवावं लागत नाही. व्यावसायिकांमध्ये थकबाकीवरचं व्याज जर्मन मूळ दराच्या वर ९ टक्के गुण इतकं असतं, आणि शिवाय प्रत्येक थकलेल्या बिलामागे ४० युरो मागायचा त्याला हक्क आहे. पत्र पाठवण्याआधी आपला गल्ला तपासायचा तो यासाठी.

हिशेब एका उदाहरणावर करू. म्युनिकमधलं एक किराणा दुकान धरा. खरेदी सरासरी रोज ८०० युरोची, म्हणजे महिन्याला साधारण २४,००० युरो, व्हॅटसकट. व्हॅट धरायचाच, कारण पुरवठादाराच्या खात्यात जाणारी रक्कम त्याच्यासकट असते. ४५ दिवसांच्या उधारीवर दुकानाच्या डोक्यावर कायम ३६,००० युरोचं देणं असतं. ३० दिवसांवर आलं की ते २४,००० होतं. मधले १२,००० युरो कुठून तरी एकदा घालावे लागतात. आजवर ते पुरवठादारांचे पैसे होते आणि तुमच्या दुकानात खेळत होते; आता ते तुमच्या स्वतःच्या भांडवलातून यायचे आहेत.

बहुतेकांना वाटतं, हे १२,००० सावकाश, महिन्या-दोन महिन्यांत जातील. तसं होत नाही. समजा, ‘१ ऑक्टोबर आणि त्यानंतरच्या बिलांना ३० दिवस’ असं कळवलंत. १ ऑक्टोबरच्या बिलाचे ३० दिवस संपतात ३१ ऑक्टोबरला. आणि १६ सप्टेंबरच्या जुन्या बिलाचे ४५ दिवस कधी संपतात? तेही ३१ ऑक्टोबरलाच. २ ऑक्टोबरचं नवं बिल आणि १७ सप्टेंबरचं जुनं बिल, दोन्ही १ नोव्हेंबरला. असं होत होत १५ ऑक्टोबरचं नवं आणि ३० सप्टेंबरचं जुनं बिल १४ नोव्हेंबरला एकत्र येतात. म्हणजे ३१ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर असे पंधरा दिवस रोज ८०० ऐवजी १,६०० युरो बाहेर जाणार. मी याला दुहेरी पंधरवडा म्हणतो. सगळे १२,००० युरो त्या पंधरवड्यातच लागतात. त्याच्या आधी काही जाणवत नाही आणि नंतर सगळं पूर्ववत होतं.

आता तो पंधरवडा कॅलेंडरवर कुठे पडलाय बघा. महिनाअखेरचे पगार आणि दुकानाचं भाडं त्यातच. दर महिन्याला व्हॅट भरणारे असाल तर १० तारखेचा भरणाही त्यातच. आणि आपल्या दुकानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: दिवाळी बहुतेक वेळा ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. त्यासाठीचा माल, म्हणजे पोहे, बेसन, सुका मेवा, पणत्या, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरला जातो. त्या दिवसांत खरेदी रोज ८०० नव्हे, १,००० युरोवर गेली असेल. मग दुहेरी पंधरवड्यात १२,००० नाही, १५,००० युरो जादा लागतील.

तीच गोष्ट १ फेब्रुवारीपासून केली तर? १७ ते ३१ जानेवारीची जुनी बिलं आणि १ ते १५ फेब्रुवारीची नवी बिलं, दोन्ही ३ ते १७ मार्च या दिवसांत एकत्र येतील. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरलाय. जानेवारी-फेब्रुवारीत खरेदी मंद असते, रोज ६०० युरो धरू. जादा लागणारी रक्कम ९,००० युरो. दिवाळी आणि नाताळच्या विक्रीचे पैसे तोवर खात्यात आलेले असतात. महिनाअखेरही त्या पंधरवड्यात नाही. व्हॅटची १० तारीख मात्र येते, तिच्यासाठी बाजूला काढून ठेवा. पुढच्या दिवाळीत खरेदी वाढली की उरलेले ६,००० लागतीलच, ते काही वाचले नाहीत. पण तेव्हा ते हळूहळू लागतील, आणि तयारीला सहा-सात महिने मिळतील. तारीख निवडताना एवढंच करायचं: आपला दुहेरी पंधरवडा कॅलेंडरवर काढायचा आणि तो सुगीनंतर, मंदीच्या दिवसांत बसवायचा.

नऊ हजारही जड वाटत असतील तर दोन वाटा आहेत. एक, सगळ्यांना एकाच दिवशी बदलू नका. ज्यांना पैशांची निकड आहे अशा छोट्या पुरवठादारांना, म्हणजे घरून लोणची-चटण्या करून देणाऱ्या ताई किंवा शेतावरून दूध-पनीर आणून देणारं कुटुंब, त्यांना आधी ३० दिवसांवर घ्या आणि मोठ्या घाऊक व्यापाऱ्यांना तीन महिन्यांनी. दुसरी वाट, ४५ वरून आधी ४०, मग ३५, मग ३०. हिशेबात ही बरोबर आहे, पण तीन वेळा कळवायचं आणि तीन वेळा प्रोग्रॅम बदलायचा, यात चुका फार होतात. मी पहिली वाट सुचवतो.

आता पूर्वसूचना किती आधी? माझ्या मते जुन्या मुदतीहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे दोन महिने. १ फेब्रुवारीसाठी १ डिसेंबरला पत्र. नाताळात इथली बरीच कार्यालयं बंद असतात, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यानंतर पाठवलेलं पत्र जानेवारीतच वाचलं जाईल. पुरवठादाराला वेळ कशाला लागतो? त्याच्या बिलाच्या नमुन्यावर ‘४५ टागे’ छापलेलं असतं, ते बदलायचं असतं. त्याची आठवणपत्रं आपोआप निघत असतील तर तिथली तारीख बदलायची असते. काही जण आपली येणी फॅक्टरिंग कंपनीला विकतात किंवा उधारीचा विमा काढतात. तिथे तुमच्या नावापुढे मुदत नोंदलेली असते. भारतातले काही निर्यातदार युरोचा भाव बँकेत आधीच बांधून ठेवतात, आणि पैसे ज्या तारखेला यायचे तीच तारीख त्या सौद्यात असते. पैसे पंधरा दिवस आधी आले तर त्यांना ती सगळी मांडणी हलवावी लागते.

पत्रात सर्वांत नीट लिहायची गोष्ट म्हणजे ३० दिवस कशापासून मोजायचे. बिलाच्या तारखेपासून, बिल हाती आल्यापासून, की माल आल्यापासून? शहरातल्या पुरवठादाराच्या बाबतीत एक-दोन दिवसांचाच फरक पडतो. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं तसं नाही. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून हॅम्बुर्गला यायला महिन्याहून जास्त घेतो, आणि तिथून म्युनिकपर्यंतचा रस्ता वेगळा. अशा मालाची मुदत बऱ्याचदा जहाजावर माल चढल्याच्या तारखेपासून मोजतात. तिथे सरसकट ४५ चे ३० केलेत, तर माल अजून समुद्रात आणि पैसे देऊन मोकळे, अशी गत होते. पोती ओली निघाली, वजन कमी भरलं, तर हातात काय राहिलं? म्हणून समुद्रमार्गे येणारा माल या पत्रातून वगळा, किंवा त्याच्यासाठी ‘माल गोदामात आल्यापासून’ असं स्वतंत्र ठरवा. तेव्हा मात्र पुरवठादाराची एकूण वाट कमी होत नसेल तर ‘मुदत कमी केली’ असा आव आणू नका. त्याला ते लगेच कळतं.

पत्र छोटं असावं. इथल्या पुरवठादाराला जर्मनमध्ये जाईल, पण मजकूर साधारण असा:

‘स. न. वि. वि. १ फेब्रुवारी किंवा त्यानंतरची तारीख असलेल्या तुमच्या सर्व बिलांचे पैसे आम्ही बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत देऊ. आत्तापर्यंत ही मुदत ४५ दिवस होती. ३१ जानेवारीपर्यंतच्या तारखेची बिलं पूर्वीप्रमाणे ४५ दिवसांतच दिली जातील. बिलात किंवा मालात दुरुस्ती असल्यास दुरुस्त बिल मिळाल्यापासून ३० दिवस मोजले जातील. भाव, लवकर पैसे दिल्यास मिळणारी स्कोंटो सूट आणि इतर अटी यांत काही बदल नाही. तुमचं बँक खातं आमच्याकडे नोंदलं आहे तेच राहील. या पत्रामुळे तुम्हाला आम्हाला कोणतीही बँकेची माहिती पाठवायची नाही. कृपया तुमच्या नव्या बिलांवर “३० टागे नेटो” असं लिहावं आणि हे पत्र मिळाल्याचं १५ डिसेंबरपर्यंत कळवावं.’

यातली दोन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. पहिलं स्कोंटोचं. १४ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, अशी बोली इथे सर्रास असते. मुदत बदलल्याचं पत्र आलं की समोरच्याला वाटतं, आता हा सूट मागणार किंवा ठरलेली सूट गेली. तुम्हाला लवकर पैशांच्या बदल्यात भाव कमी करून हवा असेल, तर ते वेगळं बोलणं आहे, फोन उचलून करा. या पत्रात ते मिसळलंत तर चांगली बातमीसुद्धा घासाघीस वाटते.

दुसरं वाक्य बँक खात्याचं. पैशांच्या अटी बदलल्याची पत्रं फसवणूक करणारेही पाठवतात, त्यामुळे सावध पुरवठादार अशा पत्राकडे संशयानेच बघणार. त्याच्या उलटही होतं. तुम्ही बदल करताय हे कळल्यावर कुणीतरी पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं नवं खातं’ म्हणून मेल पाठवतं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँका पैसे पाठवताना खात्याचं नाव आणि आयबान जुळतात का ते दाखवतात. तिथे नाव जुळत नाही असं दिसलं तर थांबा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नंबरवर नको.

पत्र गेलं, पोच आली. आता आपल्या घरातलं काम. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पुरवठादारापुढे मुदत नोंदलेली असते. ती १ फेब्रुवारीलाच बदला, पत्र पाठवल्याच्या दिवशी नाही. बदलल्यावर न दिलेल्या बिलांची यादी उघडून पाहा. जुन्या बिलांच्या तारखा जागच्या जागी आहेत ना? प्रोग्रॅमने त्यांनाही ३० दिवस लावले असतील तर यादीतली साधारण एक तृतीयांश बिलं एका रात्रीत थकबाकीत दिसतील, आणि कुणीतरी घाईने सगळे पैसे सोडून देईल. मग दुहेरी पंधरवडा एका दिवसात येऊन जातो.

दुसरं, पैसे कोणत्या वारी सोडता? बरेच जण आठवड्यातून एकदा, समजा गुरुवारी, बसतात आणि ज्यांची मुदत संपली ती बिलं भागवतात. ३० दिवसांच्या मुदतीत हे चालत नाही. शुक्रवारी मुदत संपलेलं बिल पुढच्या गुरुवारी गेलं की सहा दिवस उशीर झाला. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय की व्यावसायिक व्यवहारात मुदतीच्या दिवशी पैसे समोरच्याच्या खात्यात जमा झालेले असायला हवेत. पाठवले होते एवढं पुरत नाही. म्हणून नियम असा ठेवा: आजच्या गुरुवारी बसलो की पुढच्या शुक्रवारपर्यंत ज्यांची मुदत संपते ती सगळी बिलं आजच सोडायची. त्यामुळे काही बिलं आठवडाभर आधी जातील. म्हणून बाजूला काढायच्या रकमेत आणखी चार-पाच दिवसांच्या खरेदीची भर घाला.

बदल नीट बसला का, हे ओळखायची खूण सोपी आहे. १८ मार्चला, म्हणजे दुहेरी पंधरवडा संपल्यावर, न दिलेल्या बिलांची यादी काढा. वगळलेला समुद्रमार्गे येणारा माल सोडला, तर त्यात मिळून ३० दिवसांहून जास्त झालेलं एकही बिल नसावं. असेल तर तीनपैकी एक कारण निघेल: त्या पुरवठादाराची मुदत प्रोग्रॅममध्ये बदलायची राहिली, बिल कुणाच्या तरी मेलमध्ये पडून राहिलं, किंवा मालाबद्दल तक्रार आहे आणि ती कुणी लिहून कळवलेली नाही. तिसरं कारण सगळ्यात महागात पडतं. पूर्वी तक्रार मिटायला ४५ दिवस होते, आता ३० आहेत. म्हणून माल आला त्याच दिवशी मोजा आणि काही कमी असेल तर त्याच दिवशी लिहून कळवा.

आणि हिशेब करून पाहिल्यावर लक्षात आलं की यंदा एवढी रक्कम काढणं जमणार नाही, तर पत्र पाठवू नका. गुपचूप ३५ व्या दिवशी पैसे देत राहा, पुरवठादार तरीही खूश राहील. फक्त छापील अटींमधल्या ४५ चं काय करायचं, ते आपल्या वकिलाला विचारून घ्या. लिहून दिलेले ३० दिवस मोडण्यापेक्षा न लिहिता पाळलेले ३५ दिवस बरे.

बिलांची यादी आज रात्री एकदा काढून बघा, आणि कॅलेंडर जवळ ठेवा.